डोमिसाईलसाठी दहा वर्षांची साखळी

आधारवर नेरूळचा पत्ता आहे म्हणून डोमिसाईल, म्हणजे रहिवासी दाखला, मिळेल असं धरून चालू नकोस. आधार आज कुठे राहतोस ते सांगतं. तहसील कार्यालयाला महाराष्ट्रातलं दहा वर्षांचं वास्तव्य दिसायला हवं.

विद्यार्थ्याच्या नावावर लाईटबिल नसतं, म्हणून खरा भरवसा शाळेच्या कागदांवर. पण 'सध्या बारावीत शिकत आहे' एवढाच बोनाफाईड असेल तर तो एका वर्षाचाच पुरावा ठरतो. त्यात कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कोणती इयत्ता, हे लिहून घे.

समजा जून 2014 मध्ये कोपरखैरणेत पहिलीत प्रवेश, 2021 ला सातवी संपली, मग खारघरची शाळा, आता कॉलेज. तर आधीच्या दोन्ही शाळांचे दाखले आणि कॉलेजचा बोनाफाईड, तिन्हींतल्या तारखा एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मध्ये वर्ष रिकामं राहिलं तर तिथेच प्रश्न येतो. त्या वर्षाचं आई-वडिलांचं लाईटबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोड, सोबत नातं दाखवणारं रेशनकार्ड. शाळेच्या दाखल्यात वडिलांचं नाव वेगळं लिहिलंय का, तेही पाहा. अर्ज अशा फुटकळ कारणानेही परत येतात.

अर्ज 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रात. नेरूळ ठाणे तालुक्यात, खारघर पनवेलमध्ये; नवी मुंबई म्हणून दोन्हींचं तहसील कार्यालय एकच समजू नकोस. आणि सीईटीनंतरच्या प्रवेशाच्या कॅप फेरीपर्यंत थांबू नकोस, तेव्हा सेतूत पाय ठेवायला जागा नसते.