नेटची ओढणी कापताना तिचा झिरझिरीतपणा कसा टिकवायचा?

प्रश्न: नवरीच्या फोटोचं बॅकग्राउंड बदलायचं आहे. मागे फिकट राखाडी भिंत आहे आणि लाल नेटची ओढणी बाजूला पसरलेली आहे. ऑटो टूलने कापलं की ओढणी एकतर निम्मी गायब होते, नाहीतर तिच्यातून जुनी भिंतच दिसत राहते. फोटोशॉपमध्ये हे कसं करतात?

उत्तर:

आधी ओढणीचे दोन भाग करा. अंगावरून, ब्लाउजवरून, केसांवरून गेलेल्या भागातून नवरीच दिसते आणि तीच दिसायला हवी. म्हणून तो भाग अंगासकट नेहमीसारखा पेन टूलने कापून वरच्या लेयरवर ठेवा. पारदर्शकतेचा प्रश्न फक्त भिंतीसमोरच्या भागाचा आहे. मी लेहेंग्यांच्या कॅटलॉगचं काम करते, तिथे एवढ्यानेच निम्मं काम हलकं होतं.

त्या भागाचा मास्क हाताने रंगवू नका, तो फोटोतच दडलेला असतो. Channels पॅनल उघडून तिन्ही चॅनल पाहा आणि जिथे भिंत व ओढणी यांत सगळ्यात जास्त फरक दिसतो तो निवडा. लाल ओढणीसाठी तो बहुधा Green असतो. त्याची प्रत काढून Ctrl+I ने उलटी करा: भिंत गडद होईल, ओढणी उजळ.

आता Levels. समजा हिरव्या चॅनलमध्ये भिंत २०० आहे आणि जिथे घड्यांवर घड्या पडून कापड पूर्ण अपारदर्शक झालंय तिथे २०. उलटं केल्यावर हे आकडे ५५ आणि २३५ होतात. काळा स्लायडर ५५ वर, पांढरा २३५ वर, मधला १.०० वरच. एकेरी जाळीचा भाग १२७ च्या आसपास असेल तर त्याचा मास्क सुमारे ४० टक्के येतो. खातरजमा करायची असेल तर दुहेरी पदर पाहा, तिथे साधारण ६४ टक्के यायला हवेत, कारण पहिल्या पदरातून आलेल्या ६० टक्क्यांपैकी दुसरा पदर ६० टक्केच पुढे सोडतो. मधला स्लायडर सरकवला की हे नातं बिघडतं आणि जाळी एकतर प्लास्टिकसारखी जाड दिसते, नाहीतर विरून जाते.

ओढणीबाहेरचं सगळं काळ्या ब्रशने भरा, मग चॅनलच्या थंबनेलवर Ctrl धरून क्लिक करा. सिलेक्शनची तुटक रेघ ५० टक्क्यांच्या वरच्या भागाभोवतीच दिसते, त्यामुळे एकेरी जाळी निवडलीच गेली नाही असं वाटेल. गेलेली असते.

पुढे बहुतेक जण हाच मास्क मूळ फोटोला लावतात आणि तिथेच जुनी भिंत परत येते, कारण जाळीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये भिंतीचा राखाडी रंग मिसळलेला असतो. गडद बॅकग्राउंडवर तो दुधाळ धुक्यासारखा दिसतो. Color मोडने रंग चढवला तरी उजळपणा भिंतीचाच राहतो. म्हणून सिलेक्शन चालू असताना Solid Color लेयर घ्या आणि सगळ्यात जाड घडीवरून रंग उचला. मास्क आपोआप लागतो. हा लेयर अंगाच्या लेयरखाली ठेवा. चुण्यांची छाया-उजेड मास्कच्या कमीजास्त घनतेतूनच बऱ्यापैकी येते. जाड घड्या सपाट वाटल्या तर तेवढ्याच ठिकाणी मूळ फोटो वरून आणा.

जरीकडे मात्र वेगळं लक्ष द्या. सोनेरी रंग हिरव्या चॅनलमध्ये उजळ असतो, त्यामुळे उलट्या मास्कमध्ये काठ आणि बुट्टे जवळजवळ गायब होतात. मूळ फोटोचा आणखी एक लेयर वर घेऊन त्यावर पूर्ण काळा मास्क लावा आणि फक्त जरीकाम, टिकल्या, काठ पांढऱ्या ब्रशने उघडा. या कामाला वेळ लागतो, पण ओढणी खरी वाटते ती यामुळेच.

भिंतीवर एका बाजूने उजेड पडला असेल तर एकच काळा बिंदू सगळीकडे चालत नाही. ओढणीचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाला वेगळे Levels द्या. जिम्पमध्ये असाल तर Color to Alpha हेच काम करतं: भिंतीचा रंग उचलून द्यायचा, तो जाळीतून वजा होतो. जरीकाम तिथेही सांभाळावं लागतं.

मागे भिंतीऐवजी झाडं किंवा मंडपाची झालर असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण वजा करायला एकसारखा रंगच नसतो. तिथे मी जाळीचा भाग ४० टक्के राखाडी मास्कने नव्याने रंगवते आणि त्याच ओढणीच्या स्वच्छ तुकड्यातून पोत क्लोन करते. पांढऱ्या भिंतीसमोरच्या पांढऱ्या नेटलाही दुसरा उपाय नाही.

शेवटी काळ्या, पांढऱ्या आणि नव्या अशा तिन्ही बॅकग्राउंडवर तपासा. फाइल PNG मध्ये सेव्ह करा, जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती जेपेगच होते.