घर नवऱ्याच्या नावावर, मग माझं काय?

"फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याने घटस्फोटाची केस टाकलीय आणि म्हणतो, महिन्याभरात घर रिकामं कर. मला निघावं लागेल का? घरात माझा अर्धा वाटा नाही का?"

पहिल्याचं उत्तर दिलासा देणारं आहे, दुसऱ्याचं कटू.

राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार पत्नीला सामायिक घरात, म्हणजे नवरा-बायको एकत्र राहतात त्या घरात, राहता येतं, मग कागद कोणाच्याही नावावर असोत. घटस्फोटाची केस दाखल झाली म्हणून हा हक्क संपत नाही, आणि कुलूप बदलून बाहेर काढणं बेकायदेशीरच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढे जाऊन सांगितलं की घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ते सामायिक घर ठरू शकतं.

वाट्याचं मात्र तसं नाही. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या घराची अर्धी मालकी आपोआप मिळत नाही. गोव्यात नियम वेगळा आहे, महाराष्ट्रात नाही. आपण घातलेला पैसा सिद्ध करावा लागतो.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेची केस अशीच होती. सुरुवातीला त्या एवढंच म्हणत, "हप्ते मीपण भरलेत." पुरावा? "तो घरीच आहे ना सगळा!" बऱ्याच जणी इथेच अडकतात, कारण घर सुटलं की कपाटही सुटतं. यांनी बँकेतून जुनी खाती-पत्रकं काढली. दर महिन्याला पगारातून नवऱ्याच्या कर्जखात्यात रक्कम गेलेली दिसत होती. बुकिंगच्या वेळी मोडलेल्या दागिन्यांची सराफाची पावतीही सापडली.

तेवढ्यात नवरा फ्लॅट भावाच्या नावे करायच्या बेतात असल्याचं कळलं. वकिलांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्याच कलम १९ खाली अर्ज केला: घरातून काढू नये, घर विकू वा गहाण ठेवू नये. त्यासाठी मारहाणच सिद्ध करावी लागते असं नाही. घराबाहेर काढण्याच्या धमक्या, पैशाची कोंडी हेही हिंसाचारात येतं. अंतरिम आदेश मिळताच त्याची प्रत त्यांनी सोसायटीला आणि बँकेला दिली. माझ्या मते अर्जाइतकंच हे महत्त्वाचं, कारण आदेश फायलीत पडून राहिला तर व्यवहार होऊन जातो.

शेवटी प्रकरण संमतीवर आलं. इथे मी त्यांना थांबवलं. घटस्फोट झाल्यावर पत्नी म्हणून राहण्याचा आधार उरत नाही. त्यामुळे जे हवं ते संमतीपत्रातच लिहून घ्यावं लागतं. ठरलं असं: फ्लॅट नवऱ्याकडे राहील, तो त्यांच्या योगदानाचे पैसे आणि पोटगी मिळून एकरकमी ठरलेली रक्कम तीन हप्त्यांत देईल, आणि शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत फ्लॅटवर त्या रकमेचा बोजा राहील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये पोटगीसाठी स्थावर मालमत्तेवर असा बोजा ठेवायची तरतूद आहेच. बाई तोवर त्याच घरात राहिल्या. तेही त्याच कागदात लिहिलेलं होतं.