खिडकी जळते तेव्हा टोनमॅपरच्या आधी खोलीतला उजेड मोजावा

प्रश्न: गोडो ४.४ मध्ये Use Physical Light Units चालू करून एक दिवाणखाना केला आहे. सूर्य १,००,००० लक्स, आत १,००० ल्युमेनचा एक दिवा. अँबियंट बंद ठेवला आहे, कारण तो चालू केला की कोपरेसुद्धा उजळतात. भिंती दिसतील असे एक्सपोजर ठेवले की खिडकीबाहेरचे सगळे पांढरे पडते, आणि बाहेरचे नीट दिसेल असे ठेवले की खोली काळी होते. Filmic, ACES, AgX सगळे बदलून पाहिले. नक्की कोणता टोनमॅपर वापरावा?

उत्तर:

नमस्कार. आपण दिलेल्या आकड्यांवरून मला असे दिसते की अडचण टोनमॅपरच्या निवडीत नाही, तर खोलीत यायला हवा असलेला बराचसा उजेड आपल्या दृश्यात येतच नाही, यात आहे. हे आकड्यांनी पडताळून पाहता येते आणि ते आधी पाहावे, कारण त्यावरच पुढचे सगळे निर्णय अवलंबून आहेत.

प्रथम कॅमेऱ्याचे गणित. छिद्र N, शटरचा वेळ t सेकंद आणि ISO या तिन्हींवरून एक्सपोजर ठरते, आणि कोणती तेजस्विता टोनमॅपरकडे १.० म्हणून पोहोचेल तेही त्यावरूनच कळते:

```
EV100 = log2( (N*N / t) * (100 / ISO) )
Lmax  = 1.2 * 2^EV100
```

`Lmax` हे निटमध्ये, म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये, मिळते. गोडो प्रत्येक प्रकाशाला याच `Lmax` ने भागून मग छायांकन करतो. एखाद्या खरखरीत, न चमकणाऱ्या पृष्ठभागाची तेजस्विता काढायची असेल, तर त्यावर पडणारे लक्स त्याच्या परावर्तनाने गुणावेत आणि π ने भागावे. एवढ्या दोन गोष्टींवर पुढचा हिशेब होतो.

सूर्य क्षितिजापासून ६०° वर आहे असे धरू. सपाट अंगणावर थेट उन्हाचे सुमारे ८६,६०० लक्स पडतात, आणि निरभ्र आकाशाचे मिळून ते १,०५,००० च्या आसपास जातात. अंगणातली फरशी फिकट असेल आणि तिचे परावर्तन ०.४५ असेल, तर तिची तेजस्विता सुमारे १५,००० निट होते. आता खोलीत या. १,००० ल्युमेनचा दिवा सर्व दिशांना सारखा प्रकाश टाकत असेल, तर २ मीटरवरच्या भिंतीला त्याचे फक्त २० लक्स मिळतात. भिंतीचे परावर्तन ०.७ धरले तर तिची तेजस्विता साडेचार निट. म्हणजे बाहेरची फरशी आतल्या भिंतीच्या ३,३०० पट उजळ आहे, जवळजवळ पावणेबारा स्टॉप. भिंत ०.२ वर यावी म्हणून `Lmax` २२ निट ठेवावे लागते, आणि मग अंगण टोनमॅपरकडे सुमारे ६८० या किमतीने पोहोचते. AgX चा मूळ वक्र १६.३ च्या आसपास संपतो आणि त्याच्या वरचे सगळे त्याच्या दृष्टीने पांढरेच असते. आपले अंगण त्या मर्यादेच्याही पाच स्टॉपहून अधिक वर आहे. टोनमॅपर बदलून काही फरक का पडला नाही, याचे कारण हे आहे.

खऱ्या दिवाणखान्यात भर दुपारी २० लक्स नसतात. समजा, खिडकीतून उन्हाचा एक चौरस मीटरचा पट्टा जमिनीवर पडतो. काचेतून सुमारे ८५ टक्के प्रकाश आत येतो असे धरले, तर त्या पट्ट्यावर ७३,६०० ल्युमेन पडतात. जमिनीचे परावर्तन ०.४ असेल तर त्यातले २९,४०० ल्युमेन पुन्हा खोलीत उसळतात. म्हणजे तो एक चौरस मीटर आपल्या दिव्यासारख्या २९ दिव्यांइतका प्रकाश देतो. खोली ५ × ४ × ३ मीटरची असेल तर तिच्या आतील पृष्ठभागांचे एकूण क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर होते, आणि सरासरी परावर्तन ०.६ धरल्यास २९,४०० ला (९४ × ०.४) ने भागून सरासरी ७८० लक्स मिळतात. हा अंदाज ढोबळ आहे: प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो असे तो मानतो, त्यामुळे लांबच्या कोपऱ्यात प्रत्यक्षात कमी आणि खिडकीपाशी जास्त मिळेल. परंतु २० आणि ७८० यांतला फरक ढोबळपणाने पुसला जाण्यासारखा नाही. आकाशाचा थोडा वाटा मिळवून ८०० लक्स धरले, तर भिंत १७८ निटवर जाते आणि आतबाहेरचे अंतर पावणेबारा स्टॉपवरून साडेसहाच्या खाली येते.

म्हणून पहिले काम म्हणजे हा उसळलेला प्रकाश दृश्यात आणणे. अँबियंट बंद ठेवण्याचा आपला निर्णय बरोबर आहे, कारण तो भिंतींचा अडथळा न मानता आकाश आत ओततो. मात्र त्याच्या जागी काहीतरी यायला हवे. खोली स्थिर असेल तर `LightmapGI` सर्वांत भरवशाचा. `SDFGI` पातळ भिंतींतून प्रकाश गळू देतो, त्यामुळे बंदिस्त खोलीसाठी मी तो टाळतो. भौतिक एककांत लाइटमॅप भाजताना एक गोष्ट हमखास राहून जाते: `LightmapGI` ला स्वतःचा `camera_attributes` गुणधर्म आहे, आणि कोणत्या एक्सपोजरला भाजायचे ते तिथे सांगावे लागते. तो रिकामा ठेवला किंवा चुकीचा ठेवला की उन्हाच्या पट्ट्यावर पायऱ्यापायऱ्यांसारखे पट्टे दिसतात किंवा तो पट्टा लाइटमॅपमध्येच जळून जातो. तसा जळालेला भाग नंतर कॅमेऱ्याच्या कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. मी तिथे अंतिम कॅमेऱ्याच्या जवळपासचेच आकडे देतो.

भाजण्याआधी बाहेरचे जग बरोबर आहे की नाही, हे एका चाचणीने कळते. टोनमॅपर Linear करा, ग्लो बंद करा आणि कॅमेऱ्याला नवा `CameraAttributesPhysical` जोडा. त्याचे मूळ आकडेच f/16, १/१०० सेकंद आणि ISO १०० असे आहेत, म्हणजे फोटोग्राफर भर उन्हासाठी वापरतात तेच. `Lmax` ३०,७२० निट होते आणि अंगण ०.४९ च्या आसपास दिसायला हवे. या सेटिंगलाही अंगण पांढरे दिसत असेल, तर दोष एक्सपोजरचा नाही: बहुधा पृष्ठभागाचा अल्बेडो १.० ठेवलेला असतो (ताजा चुना लावलेली भिंतसुद्धा ०.८ ते ०.९ च्या वर जात नाही), किंवा HDRI मध्ये सूर्य आधीच असून वर `DirectionalLight3D` ही चालू असतो आणि ऊन दोनदा मोजले जाते. आकाशच तेवढे जळत असेल तर Environment मधील `background_intensity` पाहा. त्याचे ३०,००० हे मूळ मूल्य गोडोच्या प्रोसिजरल आकाशाला जुळते. बाहेरून आणलेल्या HDRI चे पिक्सेल कोणत्या प्रमाणात साठवले आहेत यावर त्याला लागणारे मूल्य अवलंबून असते, आणि निरभ्र निळे आकाश साधारण ५,००० ते १०,००० निटच्या दरम्यान येईपर्यंत ते कमी-जास्त करावे लागते.

आता अंतिम एक्सपोजर. f/4, १/६० सेकंद, ISO १०० घेतले तर `Lmax` १,१५२ निट होते. भिंत ०.१५५ वर येते, म्हणजे टोनमॅपर लावण्याआधी एसआरजीबीमध्ये साधारण ११०. दिवसा दिवे न लावलेल्या खोलीला शोभेल इतकी. अंगण १३ वर येते. हे AgX च्या मर्यादेत आहे, पण वक्राच्या अगदी शेवटच्या टोकाला, त्यामुळे पांढरट दिसेल आणि फरशीचे सांधे जेमतेम ओळखू येतील. शटर १/१२५ केल्यास अंगण साडेसहाच्या खाली येते आणि पोत दिसू लागतो, परंतु भिंत ०.०७४ पर्यंत उतरते. माझ्या मते खिडकी असलेल्या खोलीसाठी या दोहोंच्या मधले कुठलेही एक्सपोजर योग्य आहे, आणि बदल शटरनेच करावा: गोडोमध्ये शटरचा परिणाम फक्त एक्सपोजरवर होतो, हालचालीची धूसरता त्यातून येत नाही. छिद्र बदलले तर मात्र, फोकसची खोली वापरत असल्यास, धूसरतेचे प्रमाणही बदलते.

यापेक्षा अधिक तपशील बाहेर हवा असेल तर छायाचित्रणातलाच उपाय वापरा. चित्रीकरणात खिडकीच्या काचेवर राखाडी एनडी फिल्म चिकटवतात. गोडोमध्ये खिडकीच्या बाहेरच्या अंगाला एक सपाट मेश ठेवावा, त्याचे मटेरियल Unshaded आणि काळे ठेवावे, Transparency मध्ये Alpha निवडावे आणि अल्फा ०.५ ठेवावा. त्याने मागचे सगळे नेमके एक स्टॉप उतरते, ०.७५ ठेवल्यास दोन स्टॉप. या मेशचे Cast Shadow बंद ठेवावे आणि लाइटमॅपमधूनही तो वगळावा, नाहीतर आत येणारे ऊनही कमी होते आणि आपण मिळवलेले अंतर पुन्हा वाढते. f/4 आणि १/६० वर ०.७५ ची फिल्म लावली की अंगण ३.३ वर येते आणि भिंतींना हातही लागत नाही. दोन स्टॉपच्या पुढे जाऊ नये. खिडकीबाहेर संध्याकाळ आणि जमिनीवर भर दुपारचे ऊन, असे विसंगत दृश्य दिसू लागते.

हे झाल्यावर टोनमॅपरच्या निवडीला खरा अर्थ येतो, आणि तिथे मी AgX ची शिफारस करीन. कारण रंगाचे आहे. बाहेर लाल कौले असतील आणि त्यांची किंमत (८, २.५, १) अशी आली, तर लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दाबणाऱ्या वक्रात लाल आधी टोकाला जाऊन थांबतो, हिरवा मागून येत राहतो आणि कौले नारिंगी, मग पिवळी दिसतात. ACES मध्ये हा कल ठळक जाणवतो. AgX वक्र लावण्याआधी रंग काही प्रमाणात एकमेकांत मिसळतो, त्यामुळे उजळ लाल हा फिकट लाल होत पांढऱ्याकडे जातो. त्याचा तोटा असा की चित्र एकंदर थोडे मऊ आणि फिके वाटते. Adjustments मध्ये किंचित कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन वाढवून ते सावरता येते.

दोन अटी सांगायच्या राहिल्या. हा सगळा हिशेब Forward+ साठी आहे. Mobile रेंडररचा रंगबफर २.० पर्यंतच किमती साठवतो, तेव्हा १३ असो वा ३.३, दोन्ही टोनमॅपरपर्यंत पोहोचण्याआधीच कापल्या जातात, आणि तिथे एक्सपोजर बाहेरच्या बाजूला झुकवून आत जास्तीचे दिवे लावावे लागतात. दुसरी अट ग्लोची: त्याचा उंबरठा, `glow_hdr_threshold`, मुळात १.० असतो, आणि अंगण ३.३ वर आणले तरी ते त्याच्या वरच राहते, त्यामुळे खिडकीभोवती पांढरे धुके पसरून सांभाळलेला पोत पुन्हा झाकला जातो. उंबरठा ६ च्या आसपास नेला तर चमक फक्त सूर्यबिंबाला आणि धातूवरच्या तिरिपेला मिळते. त्या जागा जळायलाच हव्यात.