केस स्टडी: जुनं उदाहरण कुठे लागू पडतं, कुठे नाही

*"बारावी कॉमर्स, ओसी. केस स्टडीची सोडवलेली उदाहरणं पाठ करते, तरी मार्क कापतात. सर म्हणतात 'घटनेशी जोडलं नाहीस'. म्हणजे नेमकं काय करायचं?"*

फेयॉलच्या १४ तत्त्वांवरचं एकच उदाहरण घेऊ, सगळे तिथेच घसरतात. मी रत्नागिरीत ट्यूशन घेते, म्हणून उदाहरणही आपल्याकडचंच.

आंबा कॅनिंगचा कारखाना, ऐन मे महिना. सुलभा डबे सील करते. पर्यवेक्षक सांगतो, ८५० ग्रॅमचे डबे आधी घे. गोदामप्रमुख सांगतो, आधी ३.१ किलोचे. यंत्र तासभर बंद पडून राहतं. कुठलं तत्त्व मोडलं? आदेशातील एकवाक्यता, हे तू लगेच सांगशील. पण पेपरात बहुतेक मुलं लिहितात, 'या तत्त्वानुसार कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ असावा, नाहीतर गोंधळ होतो.' यातून सुलभा काढली तरी वाक्याला काही फरक पडत नाही. सरांचं म्हणणं हेच. त्याऐवजी असं लिही: 'सुलभाला एकाच यंत्राबाबत पर्यवेक्षक व गोदामप्रमुख असे दोघे परस्परविरोधी आदेश देतात. कोणाचा पाळावा हे तिला ठरवता येत नाही, म्हणून यंत्र बंद राहते. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा, हे तत्त्व येथे मोडले आहे.'

आता घटना थोडी बदलू. सुलभाला आदेश फक्त पर्यवेक्षकच देतो. पण उत्पादन विभागाने हंगामाचा आराखडा ३.१ किलोच्या डब्यांचा केलाय आणि विक्री विभागाने गिऱ्हाइकांना ८५० ग्रॅमचे डबे कबूल केलेत. कारखाना तोच, डबे तेच, गोंधळही तसाच. पाठ केलेलं उत्तर इथे हमखास उतरतं आणि चुकतं. कारण इथे कोणालाच दोन वरिष्ठ नाहीत. एकाच उद्दिष्टासाठी दोन आराखडे आहेत. मोडली ती दिशेची एकवाक्यता: एक प्रमुख, एक आराखडा. (तुझ्या पुस्तकात तत्त्वाचं नाव जरा वेगळं असेल तर पुस्तकातलंच लिही.)

म्हणून जुनं उदाहरण आठवलं की आधी बघ, त्यात तत्त्व कोणत्या एका वाक्यामुळे लागू झालं होतं. पहिल्या घटनेत ते 'दोघे सांगतात' हे होतं. नव्या घटनेत तसं वाक्य सापडलं तर पेन्सिलीने अधोरेखित कर. नाही सापडलं तर ते उदाहरण सोडून दे, कारखाना कितीही सारखा दिसो. आणि घटनेत नसलेलं काही घालू नकोस. 'पर्यवेक्षक अननुभवी आहे' असं एका मुलीने लिहिलं होतं. तिला ते कोणी सांगितलं देव जाणे.

उपायही त्याच वाक्यातून काढायचा. पहिल्या घटनेत गोदामप्रमुखाने आपली मागणी पर्यवेक्षकाला सांगावी, सुलभाला नाही. दुसऱ्या घटनेत हा उपाय निरुपयोगी आहे. तिथे एका प्रमुखाने दोन्ही विभागांना बसवून कोणते डबे किती, हे आंबा यायच्या आधी ठरवायला हवं.