नवरदेवाच्या सदऱ्यावरचा डाग

ताई, मी केज तालुक्यातला टेलर. वय ६२. ४० वर्षं झाली, मशीन चालवतो. दीड वर्षापासून बोटं ठणकतात, सकाळी आखडलेली असतात. कात्री हातातून सुटते. रात्री मुंग्या येतात, उठून हात झटकत बसतो. करंगळी तेवढी धड. मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खातो. गेल्या लगीनसराईत तुरपाई करताना बोटात सुई गेली, कळलंच नाही, आणि नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्याला रक्ताचा डाग लागला. लई लाज वाटली. वयच झालं म्हणायचं. मुलगा म्हणतो, दुकान मोकळं करा, मोबाइलचं टाकतो. मशीन विकून टाकू का?

मामा, मशीनचं नंतर बोलू. आधी तो डाग.

लाज कसली घेऊन बसलात? सदरा धुऊन निघतो. मला धस्स झालं ते ‘कळलंच नाही’ या दोन शब्दांनी. वयानं सांधे झिजतात, दुखतात, सकाळी आखडतात, हे खरं. पण झिजलेल्या सांध्यामुळं बोटाच्या टोकाची जाणीव जात नाही. ती जाते नसेला काही झालं की. दीड वर्ष तुम्ही सांध्यांच्या गोळ्या खाताय आणि दुखणं बहुधा मनगटात आहे.

मनगटाच्या आतल्या अंगाला एक अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणाऱ्या ९ दोऱ्या त्यातून जातात आणि त्यांच्या सोबतीनं एक नस जाते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि चौथ्याची अर्धी बाजू, एवढ्यांची जाणीव त्या एका नसेकडं असते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते. तुमची करंगळी का धड आहे, ते आलं ना ध्यानात? झोपेत मनगट मुडपलं की बोगद्यात दाब वाढतो, म्हणून रात्री हात झटकावा लागतो. अंगठ्याच्या मुळाशी जी मऊ उशी असते, तिलाही तीच नस चालवते. ती उशी अशक्त झाली की कात्री सुटते. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात.

आणखी एक. कात्री उजव्या हातात असते, पण तुरपाईत सुई टोचते ती कापडाखाली धरलेल्या डाव्या बोटाला. म्हणजे तुमचे दोन्ही हात धरलेत. दोन्हीकडं असं होतं तेव्हा फक्त कात्रीला दोष देऊन भागत नाही. साखर आणि थायरॉइड तपासावंच लागतं, कारण त्यांच्या बिघाडातही ही नस दबते.

मला राग आलाय तो तुमच्या ‘वयच झालं’चा. वय म्हणून सोडून दिलेलं हे दुखणं थांबत नाही. आज रात्री दिव्याखाली दोन्ही तळहात शेजारी धरा आणि अंगठ्याखालच्या उशा बघा. खोलगट दिसल्या तर एक आठवडाही घालवू नका, कारण एकदा सुकलेली उशी ऑपरेशननंतरही पूर्ण भरेलच असं नाही. भरलेल्या असतील तर वेळ हातात आहे. मग बऱ्याच जणांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधून आराम पडतो, काहींना मनगटात इंजेक्शन देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर तेवढाच भाग बधिर करून बोगद्यावरचा पडदा कापून नस मोकळी करतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या लवकर जातात. पकडीची ताकद मात्र सावकाश येते, तेव्हा जाड सुटिंगवर कात्री चालवायची घाई करता येणार नाही.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे, तुमच्यापासून काही लांब नाही. या आठवड्यातच जा. हाडांच्या विभागात दाखवा, मुलाला सोबत घ्या. त्यालाही कळू दे की बापाचे हात म्हातारपणानं गेलेले नाहीत, तपासायचे राहिलेत. नस मनगटात दबलीय की मानेत, हे तिथं बघतील. गोळ्यांचं पाकीट खिशात असू द्या. इतके दिवस मनानं खाल्लेल्या गोळ्यांनी पोटाला, किडनीला त्रास होऊ शकतो, ते डॉक्टरांना कळायला हवं.

आणि तिथं ‘बोटं दुखतात’ म्हणून सुरुवात करू नका, नाहीतर पुन्हा तीच गोळी पदरात पडेल. खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, ‘डॉक्टर, मी टेलर आहे आणि मला सुई टोचलेली कळत नाही.’ तपासणी होऊन येईपर्यंत मशीनला गिऱ्हाईक बघायचं नाही.