बोर्डिंग पॉइंट: निगडी

प्रश्न: "माझा एजंट टूल कॉल करतो तेव्हा कधीकधी एखादा required पॅरामीटर युजरने सांगितलेलाच नसतो. डीफॉल्ट टाकून पुढे जावं की युजरला विचारावं? सारखं विचारलं तर लोक वैतागतात."

लोक वैतागतात हे मला दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनीही सांगितलं होतं. मी तेव्हा गप्प बसले आणि त्याची किंमत माझ्या मावशीनं मोजली.

एका खासगी ट्रॅव्हल्स कंपनीसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर बसची तिकिटं काढणारा एजंट केला होता. मावशी खराडीला राहते. तिला मीच नंबर दिला आणि म्हणाले, आता तिकीट काढणाऱ्या एजंटाकडे जायला नको, नुसतं लिही. तिनं लिहिलं, "पुणे ते नागपूर, शुक्रवारी रात्री, एक तिकीट, खालची सीट." अर्ध्या मिनिटात तिकीट आलं. शुक्रवारी साडेआठला ती नेहमीसारखी वाघोलीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, वेळेवर आली. क्लीनरनं चार्ट बघितला आणि सांगितलं, या सीटचा पॅसेंजर निगडीला चढलाच नाही, सीट दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी नागपूरला तिच्या नणंदेचं ऑपरेशन होतं. मला फोन केला तेव्हा ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "अगं, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना मी."

रात्री लॉग उघडला. तुमच्या प्रश्नातला "गहाळ पॅरामीटर" तिथं गहाळ दिसतच नव्हता. कॉलमध्ये `"boarding_point": "Pune"` असं व्यवस्थित लिहिलेलं होतं. स्कीमात तो `required` होता, म्हणून मॉडेलनं काहीतरी भरलं. प्रकार स्ट्रिंग होता, त्यामुळे व्हॅलिडेशन पास झालं. आणि आत आमच्याच कोडमध्ये ही ओळ होती:

```python
stop = find_stop(route, args["boarding_point"]) or route.stops[0]
```

"Pune" नावाचा थांबा यादीत नाही, म्हणून पहिला थांबा घेतला गेला: निगडी, संध्याकाळी साडेसहा. मॉडेलनं अंदाज केला, कोडनं त्या अंदाजावर आणखी एक अंदाज चढवला, आणि कुठेही एरर आली नाही. `or route.stops[0]` हे माझं नव्हतं. रिव्ह्यूमध्ये मी त्यावर बोट ठेवलं होतं, तर उत्तर मिळालं की प्रत्येक प्रश्नागणिक गिऱ्हाईक गळतं.

त्यामुळे पॅरामीटर आला की नाही एवढंच तपासून भागत नाही. आलेली किंमत कुठून आली ते बघावं लागतं. लॉगमधला एकेक कॉल घ्या आणि प्रत्येक किंमत युजरच्या बोलण्यात सापडते का, किंवा आधीच्या एखाद्या टूलच्या उत्तरात सापडते का, ते शोधा. दोन्हीकडे नसेल तर ती मॉडेलनं स्वतः रचली आहे. आम्ही हे हातानं केलं आणि पहिल्या दहा-पंधरा संभाषणांतच असेच आणखी दोन-तीन "Pune" हाताला लागले.

मग कुणीतरी सुचवलं की थांब्यांची `enum` यादी देऊ. दिली. पण नुसत्या यादीनं आजार लपतो. मॉडेल आता "Pune" न लिहिता यादीतलाच एखादा थांबा निवडतं, आणि तो खरा थांबा असल्यामुळे आतल्या कोडलाही शंका येत नाही. मॉडेलला "हे मला माहीत नाही" असं म्हणायला जागा द्यावी लागते. आम्ही त्या पॅरामीटरला `null` चालेल असं केलं आणि वर्णनात लिहिलं: युजरनं स्वतः थांबा सांगितला नसेल तर `null` पाठव, शहराच्या नावावरून थांबा ठरवू नकोस. आणि `null` आलं की टूल बुकिंग न करता हे परत करतं:

```json
{"error": "missing_parameter",
 "field": "boarding_point",
 "options": ["निगडी 18:30", "वाकड 19:00", "वाघोली 20:30"],
 "next": "ask_user"}
```

पर्याय एररमध्येच असल्यामुळे मॉडेल "बोर्डिंग पॉइंट कळवा" असा कोरडा प्रश्न न विचारता वेळेसकट थांबे पुढे ठेवतं. माणूस एका शब्दात उत्तर देतो. स्कीमातल्या `default` वर मात्र विसंबू नका. ती नुसती नोंद असते, बहुतेक व्हॅलिडेटर ती किंमत स्वतः भरत नाहीत. डीफॉल्ट हवा असेल तर तो तुमच्या कोडमध्ये, उघड दिसेल असा लिहा.

आता डीफॉल्ट कुठे चालतो. मी एकच गोष्ट बघते: किंमत चुकली तर ते कुणाला, कधी कळणार? एसएमएसची भाषा मराठी धरली आणि चुकली, तर पहिल्याच मेसेजला कळतं आणि बदलता येतं. तिथं विचारत बसू नये. शुक्रवार म्हणजे कोणती तारीख हेही युजरला विचारायचं नाही, ते घड्याळावरून काढायचं. फक्त ते घड्याळ `Asia/Kolkata` चं असू द्या. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. बोर्डिंग पॉइंट चुकलेला मात्र रात्री हायवेवर कळतो, पैसे गेल्यावर. तो विचारायचाच.

"तिकिटावर निगडी छापलेलं होतं, त्यांनी वाचायला हवं होतं," असं मला मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं. मला हे आजही मान्य नाही. जे माणसानं सांगितलंच नाही, ते त्याच्या नावावर छापायचं आणि वाचलं नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, याला डीफॉल्ट म्हणत नाहीत. शिवाय मावशीची आधीची चारही बुकिंग्ज वाघोलीची होती आणि ती आमच्याच डेटाबेसमध्ये होती. "मागच्या वेळी वाघोलीहून बसला होतात, तेच ठेवू?" एवढं विचारलं असतं तर तिला फक्त "हो" लिहायचं होतं. जुन्या नोंदीवरून आलेली किंमत गुपचूप वापरायची नसते, अशी समोर ठेवायची असते. कारण त्या शुक्रवारी ती लेकीकडे वाकडला असूही शकली असती.

मॅनेजरांचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं: प्रश्न एकामागून एक विचारले तर लोक खरंच सोडून जातात. म्हणून जे जे कमी आहे ते गोळा करून एकदाच विचारा. आणि तुमचा एजंट रात्री आपोआप चालणारा असेल, समोर माणूसच नसेल, तर मी वर लिहिलेलं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथं काम अर्धवट ठेवून सकाळच्या यादीत टाका. उत्तर आलं नाही याचा अर्थ होकार धरू नका.

कुणी "कुठूनही चालेल" म्हणालं, तर ते उत्तर आहे, पुन्हा विचारू नका. आम्ही तेव्हा शहरातला शेवटचा थांबा घेतो, कारण तिथं पोचायला सगळ्यात जास्त वेळ मिळतो, आणि तिकिटाच्या मेसेजची पहिलीच ओळ थांबा आणि वेळ अशी ठेवतो.