बाळाचा वजनकाटा तपासताना

ताई, काटा पक्क्या, सपाट ओट्यावर ठेवा आणि पंखा बंद करा. पाळणा रिकामा असताना 0 दिसू द्या. मग शिक्का मारलेली 2 किलो आणि 5 किलोची वजनं मधोमध ठेवून प्रत्येकी तीनदा वाचा. दर वेळी वजन उचलल्यावर काटा 0 वर परतला पाहिजे. 2 किलो पाळण्याच्या डोक्याकडे आणि पायाकडेही ठेवून बघा, बाळ काही मधोमध स्थिर राहत नाही.

वजनं पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी वजनं गंजतात, पोपडे निघतात आणि मापच बदलतं.

5-5 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या काट्याला मी 2 किलोवर 10 आणि 5 किलोवर 20 ग्रॅमपर्यंत फरक चालवून घेईन. बाळ दिवसाला साधारण 20–30 ग्रॅम वाढतं. चूक त्याहून मोठी असेल तर वाढ कळणारच नाही.

समजा 2 किलोला 1.980 आणि 5 किलोला 4.950 दिसलं. दोन्हीकडे 1 टक्का कमी, म्हणजे कॅलिब्रेशन हललंय. 0 करून हे सुटत नाही. असा काटा 2.510 किलोचं बाळ 2.485 दाखवेल आणि ते उगाच कमी वजनाच्या यादीत जाईल. तो काटा दुरुस्तीला पाठवा, मनाने ग्रॅम मिळवून नोंद करू नका.